या वेळी ऑनसाइट नको, पण यादीत नाव राहू द्या

आयटीतली ऑनसाइटची विचारणा बहुतेक वेळा तोंडीच होते. कॉल संपताना मॅनेजर एक मिनिट थांबायला सांगतो, क्लायंटकडे माणूस हवाय, तुझं नाव टाकतो म्हणतो आणि उत्तराची फारशी वाट न बघता पुढच्या मीटिंगला जातो. घरी सत्तरीच्या पुढचे आई-वडील असले की त्या मिनिटात आपल्या तोंडून ‘बघू या’ निघून जातं. मॅनेजर ते होकारात धरतो. क्लायंटला नाव कळवतो, मोबिलिटी टीमकडे विनंती टाकतो, आणि तीन आठवड्यांनी आपण ‘जमणार नाही’ म्हणतो तेव्हा त्याला दोन ठिकाणी माघार घ्यावी लागते. मी बरीच वर्षं डिलिव्हरीच्या बाजूला, म्हणजे नावं टाकणाऱ्यांत, काम केलं आहे. तिथून दिसतं ते असं, की लवकर आलेला नेमका नकार महिन्याभरात विसरला जातो. उशिरा आलेला नकार पुढच्या यादीच्या वेळी कोणाला ना कोणाला आठवतोच.

म्हणून पहिल्या दिवशी हो किंवा नाही म्हणू नका, उत्तराचा दिवस सांगा. ‘सोमवारी नक्की सांगते, तोवर क्लायंटला नाव कळवू नका’ एवढं पुरतं. आणि त्याच वेळी दोन गोष्टी विचारून घ्या: मुदत किती, आणि प्रक्रिया कुठवर आली आहे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण नकाराची किंमत त्यावर ठरते. नाव नुसतं सुचवलं जात असेल तर नकार फुकटात पडतो. कागद पुढे सरकले की पैसे आणि मुदती सुरू होतात. ब्रिटनचं उदाहरण घ्या. कंपनी कर्मचाऱ्याच्या नावाने प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र काढते आणि ते तीन महिन्यांच्या आत वापरावं लागतं. व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो, तो फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड आहे. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाचं वेळापत्रक वेगळं. नोंदणी मार्चमध्ये, मग सोडत, आणि निवड झालीच तर काम सुरू होणार १ ऑक्टोबरपासून. तिथे नाही म्हणायची योग्य वेळ जानेवारी-फेब्रुवारी, कंपनीत नावं मागवली जातात तेव्हा. सोडतीत नाव लागल्यावर ‘आईला बरं नसतं’ हे कारण कितीही खरं असलं तरी समोरच्याला पहिला प्रश्न पडतो, की जानेवारीत आईला बरं होतं का?

आता घरातला हिशेब. तो करायचा आधी आणि करायचा बारकाईने. ‘आई-वडील म्हातारे आहेत’ हे कारण म्हणून फार मोठं आहे आणि त्याला शेवट नाही. असा नकार दिला की ऐकणारा मनातल्या मनात तुमच्या नावापुढे कायमची फुली मारतो, कारण आई-वडील पुढच्या वर्षी तरुण होणार नसतात. तुम्ही तुमच्यापुरतं शोधून काढायचं, की नेमकं काय अडतंय, आणि त्यातलं बदलण्यासारखं काय आहे.

माझ्या टीममधल्या एका टेस्ट लीडचं उदाहरण सांगते. ती हिंजवडीत, आई-वडील मिरजेला, भाऊ बंगळुरूला. नोव्हेंबरमध्ये तिला लीड्ससाठी विचारलं गेलं, १८ महिन्यांसाठी. वडिलांना पार्किन्सन्स. तिने आधी मनाशी धरलं होतं, की बाबांच्या आजारामुळे आपण जाऊच शकत नाही. मग एका शनिवारी ती मिरजेला गेली आणि दिवसभर नुसती बघत बसली. बाबांची लेव्होडोपाची गोळी दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळेला. ती अर्धा-पाऊण तास चुकली तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, खुर्चीतून उठता येत नाही. जेवणात डाळ-पनीर जास्त झालं आणि गोळी त्याच सुमाराला घेतली तरी असर कमी पडतो, म्हणून गोळी जेवणाच्या बरीच आधी. हे सगळं घड्याळ आई सांभाळत होती आणि चोख सांभाळत होती. अडचण आईच्या गुडघ्यात होती. स्वयंपाकघरातून गोळ्यांच्या डब्यापर्यंत ती ओट्याला, दाराला, भिंतीला धरत चालत होती. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगून सहा महिने झाले होते आणि ‘तू आलीस की बघू’ म्हणत तिने ते पुढे ढकललं होतं.

हे दिसल्यावर नकाराचा आकारच बदलला. बाबांचा आजार जाणारा नव्हता, पण तो घरात सांभाळला जात होता. गुडघ्याची शस्त्रक्रिया मात्र लगेच व्हायला हवी होती. त्यानंतर आईला घरात नीट वावरता येईपर्यंत साधारण तीन महिने, थोडं इकडे-तिकडे धरून, कोणीतरी घरात हवं होतं. आणि आईच्या जोडीला दिवसभराची बाई शोधून तिला गोळ्यांच्या वेळा अंगवळणी पडेपर्यंत आणखी थोडे दिवस. जानेवारीत शस्त्रक्रिया धरली तर जूनअखेर घर पुन्हा उभं राहणार होतं. म्हणजे तिचा नकार जुलैपर्यंतचा होता. मॅनेजरला सांगण्यासारखं काहीतरी नेमकं तिच्या हातात आलं.

हा शोध आई-वडिलांना विचारून लागत नाही. ते म्हणतात, ‘तू जा गं, आमचं काय, शेजारी आहेत.’ त्यांना वाईट वाटू नये म्हणून आपणही ते खरं मानतो, किंवा उलट, त्यांच्या बोलण्यावर विश्वासच ठेवत नाही. त्यापेक्षा शेजारच्या काकूंना विचारा, की गेल्या महिन्यात रात्री-अपरात्री त्यांना किती वेळा हाक आली. औषधाच्या दुकानात विचारा, औषधं कोण नेतं आणि कधी खंड पडतो का. घरकामाच्या मावशींना विचारा, न्हाणीघरात कोणी पडलं होतं का. आणि भावंडांशी बोलताना ‘तू बघशील ना’ असं मोघम बोलू नका. तिने भावाला विचारलं, की जुलैनंतर मी नसले तर तीन महिन्यांतून एकदा न्यूरॉलॉजिस्टकडे बाबांना तू नेणार का? तो हो म्हणाला. वहिनीने आणखी एक भर घातली, की दिवाळीचे दिवस आम्ही मिरजेतच काढू. घर एका माणसाच्या खांद्यावरून दोघांवर आलं ते अशा नेमक्या विचारण्यामुळे.

घरचा आजार असा असू शकतो, की पुढचं प्रत्येक वर्ष मागच्यापेक्षा अवघडच जाणार, जसं स्मृतिभ्रंशात होतं. तिथे ‘जुलैनंतर बघू’ म्हणणं म्हणजे मॅनेजरची आणि स्वतःची फसवणूक. तेव्हा वेळेची मुदत देऊ नका, कालावधीची द्या: लांबची पोस्टिंग मला शक्य नाही, दोन-तीन आठवड्यांचे प्रवास शक्य आहेत. हेही दार उघडं ठेवणंच आहे. काहींना वाटतं, आई-वडिलांना बरोबरच न्यावं. बायको-नवऱ्याला आणि मुलांना व्हिसाच्या अवलंबितांत धरतात, आई-वडिलांना धरत नाहीत. अमेरिकेच्या एच-४ मध्ये नाही आणि ब्रिटनच्या कंपनी-बदलीच्या व्हिसावरही नाही. ते पाहुणे म्हणून येऊ शकतात, काही महिन्यांसाठी. आणि परदेशात जुन्या आजारासह त्यांचा विमा काढणं हा वेगळाच डोंगर.

विम्यावरून एक गोष्ट, जी निघायच्या आठवड्यापर्यंत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेममध्ये आई-वडील असतात ते तुम्ही भारतातल्या पगारपत्रकावर आहात म्हणून. लांबच्या पोस्टिंगवर पगार तिकडच्या कंपनीकडे वळला की कित्येक ठिकाणी हे संरक्षण थांबतं. एचआरला नुसतं ‘विमा चालू राहील ना?’ विचारू नका. ‘परदेशातल्या पगारपत्रकावर असताना माझ्या आई-वडिलांचं पॉलिसीतलं नाव राहील का, आणि परतल्यावर पुन्हा घालताना आधीच्या आजारांना प्रतीक्षा कालावधी लागेल का?’ असं विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. या टेस्ट लीडला उत्तर आलं ते नाव निघून जाईल असंच. म्हणजे ती गेली असती तर आईची शस्त्रक्रिया आणि बाबांचा पार्किन्सन्स, दोन्ही विम्याबाहेर.

नकाराच्या काळात पहिलं काम मी हेच सांगेन: आई-वडिलांची स्वतंत्र पॉलिसी आताच काढा. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा कालावधी असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, आणि वयाच्या ६५ नंतर पॉलिसी नाकारण्याची सरसकट मर्यादाही त्याच सुमारास गेली. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. तरीही प्रीमियम झोंबतो, ते खरं आहे, आणि काही कंपन्या आजार बघून नाही म्हणू शकतात. पण कंपनीचं मेडिक्लेम चालू असतानाच हे महिने मोजायला लागले तर दोन वर्षांनी पुन्हा विचारणा होईल तेव्हा बराचसा कालावधी सरलेला असतो. शिवाय आई-वडील ७० किंवा त्याहून मोठे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही. घरातल्या सत्तरीच्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, योजनेतल्या रुग्णालयांत. आधार घेऊन अर्ध्या दिवसात होणारं काम आहे. मात्र आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं रुग्णालय यादीत आहे का, ते आधी बघा, नाहीतर ऐन वेळी कार्ड असून दुसरं दार शोधावं लागतं.

आता मॅनेजरशी बोलणं. आधी फोनवर किंवा समोरासमोर, आणि त्याच दिवशी मेल. नुसता मेल पाठवला तर तो तुटक वाटतो, नुसतं बोललात तर मॅनेजर बदलल्यावर काहीच उरत नाही. आणि मॅनेजर बदलतोच. बोलताना आजाराचा सगळा इतिहास सांगू नका. तुमच्या वडिलांचे रिपोर्ट प्रोजेक्टमध्ये कोणाला माहीत असायची गरज नाही, आणि जितकं सांगाल तितकं समोरचा उपाय सुचवत बसतो: केअरटेकर ठेव, वृद्धाश्रमात चांगली सोय असते. दुसऱ्या टोकाला ‘पर्सनल कारण आहे’ एवढंच म्हणाल तर तो समजतो, की तुम्ही नोकरी शोधताय. मधला मार्ग पुरे: आई-वडिलांची तब्येत, मी इथे असणं गरजेचं, अमुक महिन्यापर्यंत.

पगार किंवा भत्त्याची बोलणी या नकारात मिसळू नका. ‘त्या पैशांत परवडत नाही’ असं जोडीला म्हटलंत की पहिलं कारण खोटं ठरतं. खोटं कारण तर मुळीच देऊ नका, पासपोर्ट संपलाय वगैरे. अशी सबब महिन्यात उघडी पडते, आणि नंतर खऱ्या कारणावर कोणी विश्वास ठेवत नाही.

तिने पाठवलेला मेल इंग्रजीत होता. आशय साधारण असा:

‘आज आपण बोललो त्याप्रमाणे, लीड्सच्या १८ महिन्यांच्या असाइनमेंटसाठी माझं नाव घेऊ नये अशी विनंती. आई-वडिलांच्या तब्येतीमुळे पुढचे काही महिने मला इथे राहणं आवश्यक आहे. जुलैपासून परिस्थिती बदलेल असा अंदाज आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः तुम्हाला स्थिती कळवीन. एप्रिलनंतर, पंधरा दिवस आधी कळल्यास, तीन आठवड्यांपर्यंतच्या प्रवासाला मी येऊ शकते. या जागी दुसऱ्या कोणाला पाठवायचं ठरलं तर पेमेंट मॉड्यूलची पूर्ण माहिती मी जायच्या आधी देईन आणि पहिले सहा आठवडे लीड्सच्या वेळेत उपलब्ध राहीन. जुलैनंतरच्या ऑनसाइट संधींसाठी माझा विचार व्हावा.’

यातलं जड पारड्याचं वाक्य मला विचाराल तर शेवटून दुसरं. मॅनेजरसमोर अडचण असते ती रिकाम्या खुर्चीची. क्लायंटला त्याने नाव दिलं नसलं तरी माणूस द्यायचं कबूल केलेलं असतं आणि प्रत्येक रिकाम्या आठवड्याचं बिलिंग जातं. तुम्ही नाही म्हणताना त्याच्या हातात दुसरा रस्ता दिलात, तर तुमचा नकार त्याला वरच्या लोकांना सांगताना जड जात नाही. सहकाऱ्याचं नाव मात्र मेलमध्ये परस्पर लिहू नका. आधी त्याला विचारा. त्याच्याही घरी कोणी असू शकतं.

छोट्या प्रवासाची तयारी दाखवताना एक भान ठेवा. व्यवसायासाठी पाहुणा म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर बैठका, चर्चा, वर्कशॉप, प्रशिक्षण चालतं. क्लायंटच्या ऑफिसात बसून रोजचं काम करणं चालत नाही, मग तो अमेरिकेचा बी-१ असो की ब्रिटनचा पाहुणा व्हिसा. ‘तीन-तीन आठवड्यांच्या फेऱ्या मारून तूच लीडचं काम कर’ असा तोडगा कोणी सुचवला तर मोबिलिटी टीमचं लेखी मत घ्या. त्यात गफलत झाली तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल.

नोकरी बदलण्याचा विचार मनात असेल तर हेही लक्षात घ्या. अमेरिकेचा एल-१, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा, मिळायला आधीच्या तीन वर्षांत त्याच समूहात अमेरिकेबाहेर सलग एक वर्ष काम केलेलं असावं लागतं. ब्रिटनच्या तशाच व्हिसालाही, पगार फार वरचा नसेल तर, १२ महिन्यांच्या नोकरीची अट आहे. नकार दिल्यावर अवघडल्यासारखं वाटतं म्हणून कंपनी सोडली, तर हे घड्याळ नव्या ठिकाणी शून्यापासून सुरू होतं. आई-वडिलांसाठी थांबलेल्या माणसाला ‘पुढची संधी’ बहुधा आहे त्याच कंपनीत लवकर येते.

नकारानंतरचे पहिले तीन-चार महिने डोळे उघडे ठेवा. काही मॅनेजर मनातून राग धरत नाहीत, पण सवयीने तुम्हाला बाजूला करतात. ओळखायची खूण अप्रेझलच्या आधी दिसते: क्लायंटच्या आठवड्याच्या कॉलचं आमंत्रण येईनासं होतं, डेमो दुसऱ्याकडे जातो, नव्या मॉड्यूलच्या अंदाजपत्रकात तुम्हाला विचारत नाहीत. एकदा झालं तर योगायोग समजा. दोन-तीनदा झालं तर शांतपणे विचारा: ‘मी प्रवास करू शकत नाही, त्याचा आणि या कामाचा संबंध आहे का?’ असा सरळ प्रश्न आला की बहुतेक जण सावरतात. आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये, जिथे पुढच्या वर्षीच्या अपेक्षा लिहायच्या असतात तिथे, ऑनसाइटची तयारी कधीपासून आणि किती मुदतीची, ते लिहा. मेल मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये राहतो, फॉर्म मॅनेजर बदलला तरी राहतो.

बाकीची तयारी थोडक्यात. पासपोर्टची मुदत बघा आणि ती वर्षाच्या आत संपत असेल तर आताच नवा करून घ्या. आई-वडिलांचेही पासपोर्ट काढून ठेवा, तुम्ही सहा महिने कुठे असलात तर त्यांना एकदा येता यावं म्हणून. त्यांच्या बँक खात्यावर भावंडांपैकी एकाचं नाव जोडा, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या अटीवर, म्हणजे रुग्णालयात पैसे भरायला तुमच्या ओटीपीची वाट बघावी लागणार नाही.

टेस्ट लीडच्या आईची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली. ती दोन महिने मिरजेतून काम करत होती, आतल्या खोलीत लॅपटॉप आणि बाहेर गोळ्यांचा गजर. बाई मिळायला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला. पहिली बाई पंधरा दिवसांत सोडून गेली, दुसरीला गोळ्यांच्या वेळा शिकायला महिना लागला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिने ठरल्याप्रमाणे मेल केला, आणि त्यात सप्टेंबरपर्यंतची सवलत मागितली. मॅनेजरला ते पटलं, कारण मेल तिने न विचारता, सांगितलेल्या आठवड्यात केला होता. लीड्सची खुर्ची तोवर भरली होती. ऑक्टोबरमध्ये ती तीन आठवड्यांच्या वर्कशॉपसाठी गेली. ते तीन आठवडे घराची परीक्षाच होती: भावाने डॉक्टरांची एक फेरी केली, एका रात्री बाबा पलंगावरून घसरले आणि शेजारच्या काकांनी उचललं, आईने ते तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. परत आल्यावर तिने पलंगाला कठडा लावून घेतला, आणि पडण्या-झडण्याची बातमी त्याच दिवशी कळवायची असं आई आणि भावाबरोबर ठरवलं. पुढच्या वर्षी तिने सहा महिन्यांची असाइनमेंट घेतली. १८ महिन्यांची नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं.

तुमच्या घरी उलटंही होऊ शकतं. जुलै उजाडेल आणि परिस्थिती आणखी बिघडलेली असेल. तेव्हा विचारणेची वाट न बघता स्वतःहून कळवा, की सध्या यादीतून माझं नाव काढा, पुन्हा घालायचं झालं की मीच सांगेन. यादीत नाव ठेवून ऐन वेळी दुसऱ्यांदा नाही म्हणण्यापेक्षा हे मॅनेजरला परवडतं, आणि तुम्हालाही घरी फोन वाजला की छातीत धस्स होण्याचं एक कारण कमी होतं.